दुबईहून आणलेल्या डीह्युमिडिफायरचं मराठी माहितीपत्रक: ह्या सूचनांचा नक्की अर्थ काय लावायचा?

मुक्ता_गिरगाव
मंडळी, जरा डोकं लावा. आमचं घर तळमजल्यावर, बिल्डिंग जुनी, पाऊस सुरू झाला की भिंती ओल्या आणि कपाटातल्या साड्यांना बुरशी. म्हणून दीर दुबईहून येताना डीह्युमिडिफायर घेऊन आले. खोक्यात एक अरबी कागद, एक चिनी, आणि क्यूआर कोड. स्कॅन केला तर चक्क मराठी पान उघडलं! सासूबाई खूष, कारण दिवसभर मशीन त्यांच्याच ताब्यात असणार आणि त्या वाचल्याशिवाय कशालाही हात लावत नाहीत. पण वाचायला घेतलं आणि दोघी हसून हसून पडलो, नंतर मात्र जरा भीती वाटली कारण हे सगळं 'सुरक्षा चेतावणी' ह्या मथळ्याखाली आहे. जसंच्या तसं टाकतेय:

१. वापरण्यापूर्वी २४ तास सरळ उभे राहा.
२. छिद्र पाडणे किंवा जाळणे.
३. लक्षात ठेवा, शीतकामध्ये गंध असण्यास परवानगी नाही.
४. सतत कार्यरत प्रज्वलन स्रोत नसलेल्या खोलीत उपकरण साठवू नका.
५. ४ पेक्षा मोठ्या मजल्यावर वापरा.
६. बंद जागेत चालवू नका.
७. उपकरण विश्वासार्हपणे जमिनीवर असले पाहिजे.
८. अन्न, प्राणी, वनस्पती आणि चित्रे वाचवू नका.
९. फ्यूज फक्त समान दराने बदला.

मशीन अजून लावलेलं नाही. कंपनीला मेल टाकलाय, उत्तर नाही.

पक्या_लालबाग
२४ तास सरळ उभं राहायचं म्हणजे रोज विरार फास्टने जाणाऱ्यालाच हे मशीन परवडणार 😂 आणि ताई तुम्ही तळमजल्यावर म्हणजे ५ नंबरप्रमाणे अपात्रच की, पाचव्या मजल्यावर भाड्याने खोली बघा आधी.

आदित्य_पवई
एवढं कशाला, फोनची भाषा इंग्लिश करा ना, पान आपोआप इंग्लिशमध्ये उघडेल. ह्या लोकांनी मूळ चिनी मजकूर इंग्लिशमध्ये घातला असणार आणि तिथून यंत्राने बाकी भाषांत ढकलला असणार, मधली पायरी वाचली की निम्मा गोंधळ संपतो.

मुक्ता_गिरगाव
केलं ते. इंग्लिश पानपण असंच आहे हो, 'प्लीज स्टँड २४ अवर्स बिफोर यूज'. म्हणजे उभं आपण राहायचं की मशीनने, ते तिथेही सांगितलेलं नाही. आणि सासूबाईंना शेवटी मराठीतच लिहून भिंतीवर लावून द्यायचंय, म्हणून तर विचारतेय.

शब्दखोर
मी भाषांतराची कामं करतो म्हणून सांगतो, यंत्राच्या भाषांतरात सगळ्यात आधी मरतो तो नकार. 'नका' गळून पडतं नाहीतर भलतीकडे जाऊन चिकटतं. त्यामुळे सोप्पा उपाय, जिथे वाक्य विचित्र वाटेल तिथे उलटं करून वाचायचं. २ नंबर उलटा करा, छिद्र पाडू नका, जाळू नका. ४ उलटा करा. ६ पण उलटाच आहे, कारण डीह्युमिडिफायर दारं-खिडक्या लावूनच चालवतात, नाहीतर अख्ख्या गिरगावातली हवा कोरडी करत बसेल, म्हणजे 'बंद जागेतच चालवा' असं हवं. ८ नंबर मला माहितीये, हे चिनी-जपानी एसीच्या पुस्तिकांत नेहमी असतं. अन्न साठवायला, प्राणी-झाडं ठेवायला, चित्रं वगैरे जपायला हे मशीन वापरू नका, घरगुती वापरासाठी आहे एवढंच म्हणायचं असतं. 'जतन करणे'चं 'वाचवणे' झालंय.

पक्या_लालबाग
म्हणजे आग लागली तर मांजर उचलून पळायला परवानगी आहे तर. बरं वाटलं.

कॉम्प्रेसर_काका
मी फ्रीज-एसी दुरुस्तीत आहे, वर्षं बरीच झाली. शब्दखोर साहेब, तुमचं ८ नंबर बरोबर आणि नकाराचंही बरोबर, पण वाक्य उलटं करायची सवय लावू नका, ६ नंबरला तुम्ही माणसाला खड्ड्यात घालाल. त्याच्याकडे येतो मागून.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे अंदाज करणं सोपं जाईल. ह्या चेतावण्या कंपनीने स्वतःच्या डोक्याने लिहिलेल्या नसतात. घरगुती उपकरणांसाठी आयईसी ६०३३५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आपलं आयएस ३०२ त्याच्याच वळणाचं. त्यात एसी, हीट पंप आणि डीह्युमिडिफायरसाठी भाग २-४० वेगळा आहे. मशीनमध्ये पेट घेणारा गॅस असेल तर पुस्तिकेत कुठल्या सूचना छापायच्याच ते त्या मानकात ठरलेलं आहे, जवळपास शब्दाला शब्द. म्हणून कुठल्याही कंपनीचं मशीन घ्या, तीच ती वाक्यं त्याच क्रमाने येतात. मी अशी पुस्तिका हातात आली की 'ह्यांना काय म्हणायचं असेल' ह्याचा विचारच करत नाही, 'ठरलेल्या वाक्यांपैकी हे कुठलं' एवढंच बघतो. मुक्ताताई, तुमचे २, ३, ४, ५ हे चारही त्यातलेच आहेत. पण त्याआधी मशीनच्या पाठीवरचा स्टिकर बघा आणि गॅसचं नाव नि वजन काय लिहिलंय ते सांगा. त्रिकोणात ज्वाळेचं चित्र आहे का तेही बघा.

नाना_डोंबिवली
माझंपण असंच झालंय. मुलाने जपानहून राईस कुकर पाठवला, पुस्तिका पूर्ण जपानी, फोनने वाचली तर म्हणे 'शंभर ताकद फक्त'. दुबईवाल्या मशीनला पण शंभर ताकद लागते का? कुकर लावू का मी?

कॉम्प्रेसर_काका
नाना, लावू नका! ती ताकद म्हणजे व्होल्ट. जपानमध्ये १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०, कुकर लगेच जळेल. कुकरच्या वॅटला पुरेल असा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, तो बराच जड नि महाग पडतो. दुबईची वीज आपल्यासारखीच आहे, २३० च्या आसपास आणि ५० हर्ट्झ, त्यामुळे मुक्ताताईंना तो प्रश्न नाही.

मुक्ता_गिरगाव
काका, स्टिकर बघितला. `R290 / 0.07kg` असं लिहिलंय. पिवळा त्रिकोण आहे, त्यात ज्वाळा आहे. आणि २ नंबरबद्दल एक सापडलं, ते वाक्य ज्या पानावर सुरू होतं त्याच्या आधीच्या पानाच्या अगदी तळाला नुसतंच 'कधीही नाही:' असं लिहून ठेवलंय आणि शेजारी लाल गोल, त्यात तिरकी रेघ.

कॉम्प्रेसर_काका
झालं की मग. ते 'कधीही नाही' हे मथळ्यासारखं वर होतं आणि खाली एकेक ओळ. यंत्राला प्रत्येक ओळ सुटी सुटी दिली गेली, त्यामुळे मथळ्यातला नकार मथळ्यातच राहिला आणि खाली 'छिद्र पाडणे किंवा जाळणे' असा जणू आदेशच सुटला. म्हणून शब्दाच्या आधी चिन्ह बघायचं. चिन्हाचं भाषांतर कोणी करत नाही. लाल गोल आणि तिरकी रेघ म्हणजे मनाई, निळा गोल म्हणजे हे करायलाच हवं, पिवळा त्रिकोण म्हणजे धोका कुठला ते. मजकूर आणि चिन्ह यांचं जमत नसेल तर मी चिन्हाच्या बाजूने जातो. त्या मथळ्याखाली अजून कुठल्या ओळी येतात तेही एकदा बघून घ्या.

आता ३ नंबर, कारण ह्या अख्ख्या यादीत मला सगळ्यात जास्त भीती ह्याची वाटते. हसू येत नाही ना वाचून? बरं सरळ वाक्य वाटतं. 'गंध असण्यास परवानगी नाही' म्हणजे माणूस काय समजेल, की चांगल्या मशीनला वास नसतो, वास आला तर बिघाड, नाही आला तर सगळं ठीक. मूळ वाक्य नेमकं त्याच्या उलट बाजूचं आहे. म्हणायचं असं की हा गॅस गळला तरी वास येईलच असं नाही, तेव्हा नाकावर भरवसा ठेवू नका. इंग्लिशमधल्या 'मे नॉट'चे दोन अर्थ होतात, एक 'कदाचित नसेल' आणि दुसरा 'परवानगी नाही'. यंत्राने दुसरा उचलला.

आणि आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं का, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन, आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं त्यातलाच भाऊ. सिलिंडर गळला की जो घाण वास येतो तो गॅसचा स्वतःचा नाही, इथाइल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात म्हणून येतो. आपलं नाक त्या वासाला तयार झालंय, गॅस म्हणजे वास येणारच. मशीनमधल्या आर-२९० मध्ये तसलं काही घातलेलं नसतं.

शब्दखोर
हे मान्य, 'मे नॉट' माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण मग ४ नंबर तरी उलटाच ना? 'स्रोत नसलेल्या खोलीत साठवू नका' म्हणजे जिथे आग आहे तिथेच ठेवा असं होतंय.

कॉम्प्रेसर_काका
४ नंबरला दोन नकार आहेत, 'नसलेल्या' आणि 'नका'. असायला हवा एकच. मूळ वाक्य असं आहे की जिथे सतत पेटतं काही नसेल अशा खोलीत ठेवा, उदाहरणार्थ उघडी ज्योत, चालू गॅसचं उपकरण, चालू इलेक्ट्रिक हीटर. आता गंमत बघा, तुम्ही कुठलाही एक नकार काढा, अर्थ एकच निघतो. 'नसलेल्या खोलीत ठेवा' किंवा 'असलेल्या खोलीत ठेवू नका'. म्हणून इथे फार डोकं चालवायची गरजच नाही. दोन्ही काढाल तर मात्र परत घोटाळा.

पण त्या वाक्यातला 'साठवू' हा शब्द तुम्ही सगळे सोडून देताय. मशीन बंद केलं, प्लग काढला तरी गॅस आतच असतो. पावसाळा संपला की लोक काय करतात? लॉफ्टवर टाकतात. आणि मुंबईच्या घरात लॉफ्ट असतो स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर नाहीतर गॅस गिझरच्या शेजारी. ते नको असं त्या वाक्यात लिहिलंय. ढकलाढकलीत कुठे पाइपला टवका गेला तर चालू असण्याची गरज नाही.

रेवती_मास्तरीण
मी फिजिक्स शिकवते, ५ आणि ६ नंबर वाचून राहवलं नाही. ५ मध्ये मजला नाहीच आहे, खोलीचं क्षेत्रफळ आहे, '४ चौरस मीटरपेक्षा मोठी खोली' आणि त्यातला 'चौरस मीटर' गळालाय. ४ चौ.मी. म्हणजे ४३ चौरस फूट. तुमचा हॉल नक्कीच त्याहून मोठा असणार, पक्याभाऊंनी उगाच घर बदलायला लावलं.

६ साठी गणित करून बघा. मुक्ताच्या मशीनमध्ये ७० ग्रॅम प्रोपेन. हवेत प्रोपेन साधारण ३८ ग्रॅम दर घनमीटरला पोचलं की पेटू शकतं, त्याच्या खाली नाही. आता समजा सगळाच्या सगळा गॅस बाहेर आला. १० बाय १०ची खोली, उंची ९ फूट, म्हणजे ९०० घनफूट, सुमारे २५ घनमीटर. ७० भागिले २५, तीन ग्रॅमसुद्धा नाही. खिडक्या लावलेल्या असल्या तरी हेच गणित. पण तेच मशीन साड्यांच्या कपाटात ठेवून दार लावलं तर? ३ बाय २ बाय साडेसहा फूट कपाट, जेमतेम १.१ घनमीटर, म्हणजे ६० ग्रॅमच्या वर. थेट पेटण्याच्या टप्प्यात. म्हणून 'बंद जागा' म्हणजे खिडक्या लावलेली खोली नव्हे, कपाट, माळा, जिन्याखालची अडगळ असल्या कोंदट जागा. शब्दखोर म्हणतात तसं 'बंद जागेतच चालवा' केलंत तर कोणीतरी साड्या वाचवायला खरंच कपाटात ठेवेल.

मुक्ता_गिरगाव
अहो सासूबाईंचा बेत तोच होता!! खालच्या कप्प्यात ठेवून दार लावायचं असं त्या कालपासून म्हणतायत.

कॉम्प्रेसर_काका
मास्तरीणबाई, झकास. एकच भर घालतो, हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की जमिनीलगत पसरतो, खोलीभर लगेच सारखा मिसळत नाही. त्यामुळे खाली तीनच्या वरचा आकडा मिळू शकतो. मानकातल्या खोलीच्या आकाराच्या हिशोबात ह्याची सूट धरलेली असते, मशीनमध्ये गॅस जास्त तर खोलीही मोठी लागते. म्हणून स्टिकरवरचं वजन बघायला सांगितलं होतं. आणि घाबरूनही जाऊ नका, घरातल्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो, इथे ७० ग्रॅम, तोही सीलबंद.

कपाटासाठी, दार उघडं ठेवा, मशीन बाहेर खोलीत ठेवा, खोलीच्या खिडक्या लावा. साड्या सुकतील.

सुलभा_ठाणे
ह्या मशीनच्या टाकीत जे पाणी जमतं ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलं तर चालतं का? आमच्याकडे एसीचं घालतात. डिस्टिल्डच असतं ना ते?

कॉम्प्रेसर_काका
सुलभाताई, नाही. कॉइलवरची धूळ, धातूचे कण, बुरशी सगळं त्यात उतरतं. झाडांना, लादी पुसायला घाला. बॅटरीला डिस्टिल्ड पाणी दुकानात स्वस्तात मिळतं.

मुक्ता_गिरगाव
काका, ४ नंबरवरून सासूबाई विचारतायत, देवासमोर नंदादीप असतो आमच्याकडे, दिवसरात्र. देवघर हॉलमध्येच, भिंतीवर, डोक्याच्या उंचीला. आणि हॉल-स्वयंपाकघर मध्ये दार नाही, नुसती कमान. मग काय करायचं?

कॉम्प्रेसर_काका
शब्दाला शब्द धरलं तर नंदादीप म्हणजे 'सतत पेटती उघडी ज्योत'च, त्या खोलीत नको. सकाळ-संध्याकाळची समई त्या अर्थाने सतत नव्हे, पण पेटती असेपर्यंत मशीन त्या खोलीत नसलेलं बरं. मी स्वतः मशीन आतल्या खोलीत ठेवेन, कपाटही तिथेच असेल ना.

रेवती_मास्तरीण
गॅस खाली जातो आणि दिवा डोक्याच्या उंचीवर आहे, म्हणजे तसा धोका कमीच नाही का? मला तर कमानीपलीकडची शेगडी जास्त खालची वाटते.

कॉम्प्रेसर_काका
कमी असेल, पण पंखा चालू असला की गॅस वर-खाली होतो, आणि मानकात उंचीचा हिशोब आहे तो मशीन बसवायच्या उंचीचा, दिव्याच्या उंचीवरून सूट कुठे दिलेली मी वाचलेली नाही. कमानीचं तर मलाही छातीठोक सांगता येणार नाही, एक खोली धरायची की दोन. मी एक धरेन.

आदित्य_पवई
मला वाटतं जरा जास्तच होतंय. फ्रीजमध्येपण हल्ली आर-६०० असतो, तोही पेटणाराच, आणि फ्रीज सगळ्यांच्या स्वयंपाकघरात शेगडीशेजारी उभा आहे. त्याला कोणी विचारत नाही.

कॉम्प्रेसर_काका
आर-६००ए. मुद्दा चांगला काढलात. पण फ्रीजचं मानक वेगळं, भाग २-२४, आणि फ्रीज एकदा उभा केला की वर्षानुवर्षं तिथेच. हे चाकांवरचं मशीन, दर आठवड्याला ह्या खोलीतून त्या खोलीत, उंबऱ्यावरून आपटत. शिवाय ज्या यंत्राच्या कागदावर जे लिहिलंय ते त्या यंत्राचं. दुसऱ्या यंत्राला चालतं म्हणून ह्याला चालतं असं मी गिऱ्हाइकाला सांगणार नाही, तुम्ही तुमचं बघा.

पक्या_लालबाग
१ नंबर राहिलाच की, कोण उभं राहणार ते ठरवा.

कॉम्प्रेसर_काका
मशीन 😄 प्रवासात ते आडवं पडलेलं असतं, कॉम्प्रेसरच्या तळाशी असलेलं तेल नळ्यांत जातं. लगेच चालू केलं तर कॉम्प्रेसर तेलाविना फिरतो, खडखडतो, नशीब वाईट असेल तर कायमचा बसतो. सरळ उभं ठेवलं की तेल आपोआप परत खाली उतरतं. काही कंपन्या कमी तास सांगतात, पण ह्यांनी २४ छापलेत तर २४ धरा, घाई कसली. घरातल्या घरात पण आडवं करून हलवलंत तर परत तेच.

ही ओळ ठरलेल्या मानकी वाक्यांतली नाही, कंपनीची स्वतःची आहे. असल्या ओळींना मी एवढंच विचारतो की कोणत्या अर्थाने यंत्राचं काही बरं होतं. सासूबाई २४ तास उभ्या राहून कॉम्प्रेसरला काही फरक पडत नाही.

मुक्ता_गिरगाव
😂 त्यांना वाचून दाखवलं. ७ आणि ९ राहिले. ७ मला सरळ वाटतो, स्टुलावर वगैरे न ठेवता जमिनीवर ठेवायचं.

शब्दखोर
ह्यावेळी मी सांगतो. इंग्लिश पानावर 'ग्राउंडेड' आहे का बघा. असेल तर ते जमिनीवर ठेवणं नव्हे, अर्थिंग. अमेरिकन लोक अर्थिंगला ग्राउंड म्हणतात. 'दर' म्हणजे 'रेटिंग'. फ्यूज तेवढ्याच रेटिंगचा घाला.

मुक्ता_गिरगाव
हो, 'ग्राउंडेड' आहे. पण फ्यूज कुठे आहे ह्याला? मागे काहीच दिसत नाही.

कॉम्प्रेसर_काका
शब्दखोर, शंभर टक्के. आणि ताई, ७ नंबर तुम्ही वाचलात तसा प्रत्येक जण वाचेल. मशीन जमिनीवर आहे, म्हणजे सूचना पाळली, असं समाधान. आणि अर्थिंग नसेल.

फ्यूज प्लगच्या आत आहे. दुबईचा प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिना, मधली लांब. आत छोटा नळीसारखा फ्यूज, त्यावर ३ किंवा १३ अँपियर लिहिलेलं असतं. जळला तर तोच आकडा घालायचा. ३चा मिळत नाही म्हणून १३चा घातला तर फ्यूज असून नसल्यासारखा.

आता हा प्लग आपल्या भोकांत जात नाही. तुम्ही काय लावणार आहात?

मुक्ता_गिरगाव
दिरांनी लोहार चाळीतून युनिव्हर्सल अॅडॅप्टर आणलाय. बाहेरच्या बाजूला दोनच पिना आहेत, गोल.

कॉम्प्रेसर_काका
दोन पिना म्हणजे अर्थ तिथेच तुटला. ७ नंबर त्या अॅडॅप्टरने मोडला. मशीनच्या स्टिकरवर एका चौकोनात दुसरा चौकोन असं चिन्ह असेल तर अर्थिंग लागत नाही, पण कॉम्प्रेसरवालं मशीन म्हणजे ते नसण्याचीच शक्यता जास्त. तो अॅडॅप्टर फोनच्या चार्जरला ठेवा. तीन पिनांचा आणा आणि आणल्यावर मल्टिमीटरने मशीनच्या अर्थ पिनेपासून अॅडॅप्टरच्या अर्थ पिनेपर्यंत सलग लागतंय का बघून घ्या, कारण काहींची तिसरी पिन नुसती शोभेची असते. त्यानंतर भिंतीतला सॉकेट. जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या भोकामागे वायरच नसते, हे मी गिरगावात किती घरी बघितलंय.

आदित्य_पवई
सरळ प्लग कापून आपला थ्री-पिन टॉप का लावत नाही? अॅडॅप्टरची भानगडच नको.

कॉम्प्रेसर_काका
लावतात, मीही लावून दिलेत. पण प्लगबरोबर त्यातला फ्यूज जातो, आपल्या टॉपला फ्यूज नसतो, मग सगळी भिस्त घरातल्या एमसीबीवर. आणि वॉरंटी गेली म्हणून समजा.

आदित्य_पवई
दुबईची वॉरंटी इथे कोण बघतंय.

नाना_डोंबिवली
ट्रान्सफॉर्मर लोहार चाळीतच मिळेल ना? कुकर ६०० लिहिलंय.

मुक्ता_गिरगाव
भिंतीवर लावायचा कागद असा लिहिलाय, चूक असेल तर सांगा: 'मशीन आतल्या खोलीत, कपाटाबाहेर. कपाटाचं दार उघडं, खिडक्या बंद. मशीनच्या खोलीत दिवा, उदबत्ती, शेगडी काही नाही. बंद असलं तरी स्वयंपाकघराच्या माळ्यावर टाकायचं नाही. टोचायचं नाही, बर्फ धरला तर खरवडायचं नाही. वास नाही आला तरी सगळं ठीक असं समजायचं नाही. आडवं केलं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत चालू नाही.' बर्फाचं त्या 'कधीही नाही'खाली पुढे होतं, 'शिफारस इतर साधनांनी वितळण्यास वेग देणे'.

कॉम्प्रेसर_काका
बर्फाचं बरोबर ओळखलंत. कंपनीने सांगितलेल्या मार्गाशिवाय बर्फ वितळवायची घाई करू नका असं ते आहे, बंद करून थांबायचं. अजून एक ओळ टाका, दुरुस्तीला येणाऱ्याला दारातच सांगायचं की आत आर-२९० आहे. आमच्यातले कित्येक जण सवयीने गॅसची टॉर्च पेटवूनच बसतात.

मुक्ता_गिरगाव
टाकली. इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय सॉकेट बघायला, पण तो म्हणतो फोनवरूनच, 'अर्थ आहे हो सगळ्यांना, मीच केलंय'. त्याच्यासमोर मीटर लावून बघू की टेस्टर पुरेल?

कॉम्प्रेसर_काका
टेस्टर अजिबात नाही, तो फक्त फेज दाखवतो. मीटरने फेज ते अर्थ मोजायला लावा. फेज ते न्यूट्रलला जेवढे व्होल्ट येतात तेवढेच यायला हवेत. ५०-१०० असं काहीतरी अधांतरी आलं तर वायर नाही. आणि बरोबर आलं तरी त्याला एकदा सॉकेट उघडायला लावा, अर्थच्या जागी न्यूट्रलचा तुकडा जोडून ठेवलेला असला तरी मीटरवर सगळं चोख दिसतं.